अरबी मुखत्यारपत्राचं इंग्रजी भाषांतर: विक्रीचे अधिकार मोजूनमापून कसे उतरवायचे

अरबी शिकलेल्या मराठी माणसाच्या हाती पहिल्यांदा मालमत्तेचं मुखत्यारपत्र येतं, तेव्हा त्याला घरी आल्यासारखं वाटतं. वकील, मिल्कियत, हिस्सा, कब्जा, नक्कल, हद्द, इकरार. आपल्या कोर्टकचेरीतले हे शब्द फारसीच्या वाटेने अरबीतूनच आले, त्यामुळे अर्धा कागद ओळखीचा दिसतो. ही ओळख कामाला येते, आणि तीच सर्वांत जास्त घातही करते. अरबीत ‘वकील’ म्हणजे कोर्टात उभा राहणारा वकील नव्हे. ज्याच्या नावाने अधिकार दिला, तो प्रतिनिधी म्हणजे वकील. कोर्टातल्या वकिलाला ते ‘मुहामी’ म्हणतात. ‘नक्ल’ म्हणजे प्रत नव्हे, तर एकाकडून दुसऱ्याकडे नेणं. ‘नक्ल अल-मिल्किय्या’ म्हणजे मालकीचं हस्तांतर. आणि ‘कब्द’ या शब्दात आपला जागेचा कब्जा नसतो. मुखत्यारपत्रात ‘कब्द अथ-थमन’ येतं तेव्हा त्याचा अर्थ किंमत स्वीकारणं, पैसे हातात घेणं असा असतो.

मी पुण्यात बसून गेली बरीच वर्षं असे कागद इंग्रजीत करते. नवीन भाषांतरकारांसाठी हा लेख आहे, आणि तो मी मुद्दाम एकाच प्रकारच्या कागदापुरता ठेवला आहे: इजिप्तमध्ये केलेलं, घर विकण्यासाठीचं खास मुखत्यारपत्र. आखाती देशांतल्या कागदांची शब्दयोजना थोडी वेगळी असते, पण अधिकार मोजण्याची पद्धत तीच.

सरावासाठी एक प्रसंग घेऊ. अलेक्झांड्रियाच्या सीदी गाबिर भागात एका कुटुंबाचा फ्लॅट आहे. आई आधीच गेलेली, वडील वारले, मागे एक मुलगा आणि एक मुलगी. बहीण परदेशी जाऊन राहणार आहे, म्हणून जाण्याआधी तिने भावाच्या नावे मुखत्यारपत्र करून दिलं. आता फ्लॅट घ्यायला लंडनचं एक कुटुंब तयार आहे. त्यांना अरबी येत नाही. पैसे पाठवण्याआधी या भावाला नेमकं काय काय करता येतं, हे त्यांच्या वकिलाला इंग्रजीत पाहायचं आहे. ते इंग्रजी तुम्ही लिहिणार आहात.

आधी कागद ओळखा

इजिप्तमध्ये मुखत्यारपत्र होतं ते न्याय मंत्रालयाच्या ‘मस्लहत अश-शह्र अल-अकारी वत-तवथीक’ या खात्याच्या कार्यालयात. स्थावर मालमत्तेचे व्यवहार नोंदवणं आणि दस्त प्रमाणित करणं, ही दोन्ही कामं हे खातं करतं. इंग्रजीत ‘रिअल इस्टेट पब्लिसिटी अँड नोटरायझेशन डिपार्टमेंट’ असं नाव बरेच जण वापरतात, मीही तेच वापरते. काहीही निवडा, पण पहिल्या पानापासून शेवटच्या शिक्क्यापर्यंत एकच नाव ठेवा.

वरच्या बाजूला दस्ताचा क्रमांक, वर्ष आणि ‘हर्फ’, म्हणजे एक अक्षर असतं. हे अक्षर क्रमांकाचाच भाग आहे. ते गाळलं तर कार्यालयात दस्त शोधता येत नाही. अलिफ आणि बा यांना ए आणि बी लिहून भागतं, पण जीम आला की नवखा माणूस सी लिहून मोकळा होतो. कुणी उलट खात्री करायला गेलं, तर त्या सी वरून जीमपर्यंत पोचेलच असं नाही. मी अक्षराचं नावच लिहिते: ‘लेटर जीम’.

अंकांपाशी सावकाश चला. अरबी शून्य म्हणजे नुसता ठिपका, आणि आपल्या शून्यासारखा गोल दिसतो तो पाच. सहा हा इंग्रजी सातासारखा दिसतो. हाताने लिहिलेल्या कागदात तर इजिप्तची माणसं तीन असा काढतात की तो छापील दोनासारखा दिसतो. एकट्या आकड्यावर विश्वास न ठेवता त्याच कागदात हाताने लिहिलेला दुसरा, निश्चित माहीत असलेला आकडा शोधा आणि त्याच्याशी ताडून पाहा.

ओळखपत्राचा क्रमांक तपासायची एक चांगली सोय इजिप्तच्या व्यवस्थेतच आहे. तिथला राष्ट्रीय क्रमांक १४ अंकी असतो. पहिला अंक शतक सांगतो: २ म्हणजे १९०० ते १९९९ मधला जन्म, ३ म्हणजे २००० पासूनचा. पुढचे सहा अंक जन्माचं वर्ष, महिना, दिवस. त्यापुढचे दोन जन्माच्या प्रांताचे. कैरोसाठी ०१, अलेक्झांड्रियासाठी ०२. तेरावा अंक विषम असेल तर पुरुष, सम असेल तर स्त्री. बहिणीच्या क्रमांकातला तेरावा अंक तुम्ही ५ वाचला असेल, तर कुठेतरी चूक वाचताय. बहुधा तो गोल आणि ठिपका यांचा घोटाळा असतो.

नावं पासपोर्टवर आहेत तशीच. इजिप्तच्या कागदात सहसा वेगळं आडनाव नसतं. स्वतःचं, वडिलांचं, आजोबांचं अशी नावांची ओळ असते. शिवाय इजिप्तमध्ये जीमचा उच्चार ग होतो, म्हणून तुम्ही ‘जमाल’ वाचाल तिथे पासपोर्टवर ‘गमाल’ असतं. पासपोर्टची प्रत मागून घ्या. ती मिळालीच नाही, तर नाव उच्चारावरून लिहिलं आहे असं टिपेत स्पष्ट सांगा.

काय विकायचं आहे, ते अधिकारांच्या आधी पक्कं करा

अधिकारांकडे वळण्याची घाई करू नका. बहिणीच्या कागदात ‘माझा फ्लॅट’ असं कुठेही लिहिलेलं नाही. लिहिलंय: ‘हिस्सती अश-शाइआ व-कद्रुहा ८ करारीत मिन २४ कीरात’. म्हणजे माझा अविभक्त हिस्सा, २४ पैकी ८ किरात.

इजिप्तमध्ये सबंध मालमत्ता २४ किरात मानतात आणि वाटे त्या हिशेबात सांगतात. आपण सोनं २४ कॅरेटचं म्हणतो, तो हाच शब्द. वारसदार फक्त एक मुलगा आणि एक मुलगी असतील, तर इस्लामी वारसाहक्कानुसार मुलाला मुलीच्या दुप्पट मिळतं. म्हणून भावाचे १६, बहिणीचे ८. या हिशेबाने कागदातला आकडा तुम्हाला पडताळून पाहता येतो. तो जुळला नाही तर आकडा बदलायचा नाही, फक्त काम देणाऱ्याला कळवायचं.

हाच शब्द शेतजमिनीच्या कागदात क्षेत्रफळ म्हणूनही येतो. एक फद्दान म्हणजे सुमारे ४,२०० चौरस मीटर, आणि त्याचा चोविसावा भाग, सुमारे १७५ चौरस मीटर, तोही किरातच. फरक आजूबाजूच्या शब्दांवरून कळतो. ‘हिस्सा’ आणि ‘२४ पैकी’ असं असेल तर तो वाटा. ‘मसाहा’, म्हणजे क्षेत्रफळ, असं असेल तर जमिनीचं माप. आपल्या कागदात वाटा आहे. इंग्रजीत ‘एट किरात्स आउट ऑफ ट्वेंटी-फोर किरात्स, अनडिव्हायडेड’ असंच ठेवा. ‘वन-थर्ड’ करून टाकू नका. वाचणाऱ्याला हिशेब कळावा म्हणून तळटीप द्या, आणि ती भाषांतरकाराची टीप आहे असं लिहा.

इथे ‘टू सेल द फ्लॅट’ असं सैल लिहिलंत, तर लंडनच्या वकिलाला वाटेल की बहीण सबंध फ्लॅटची मालकीण आहे आणि भाऊ तिच्या वतीने सगळा फ्लॅट विकतोय. प्रत्यक्षात त्याला दोन टोप्या घालून सही करायची आहे: स्वतःच्या १६ किरातसाठी मालक म्हणून, बहिणीच्या ८ साठी प्रतिनिधी म्हणून.

आता अधिकारांचं कलम

बहिणीच्या कागदातलं मूळ वाक्य देवनागरीत असं वाचता येईल:

‘वक्कल्तु अखी… फी बैअ हिस्सती… लिन-नफ्स अव लिल-गैर, बिथ-थमन अल्लधी यराहु, व-कब्द अथ-थमन, वत-तवकीअ अलल-अक्दैन अल-इब्तिदाई वन-निहाई अमाम मस्लहत अश-शह्र अल-अकारी वत-तवथीक, वत-तस्लीम, व-लहु तवकील अल-गैर फी कुल्ल अव बअद मा धुकिर.’

छापून घ्या, पेन्सिल घ्या, आणि प्रत्येक कृतीवर क्रमांक टाका. विकणं, हा पहिला. किंमत स्वीकारणं, दुसरा. प्राथमिक करारावर सही, तिसरा. अंतिम करारावर सही, चौथा. ताबा देणं, पाचवा. दुसऱ्याला प्रतिनिधी नेमणं, सहावा. अरबीत सहा असतील तर इंग्रजीतही सहाच हवेत, त्याच क्रमाने. हे मोजणं पोरकट वाटेल, पण माझ्या हातून सुटलेल्या बहुतेक चुका मला या मोजणीतच सापडल्या आहेत.

इतकं काटेकोर का राहायचं, याचं कारण इजिप्तच्या दिवाणी संहितेत आहे. ही संहिता १९४८ च्या १३१ क्रमांकाच्या कायद्याने आली. तिच्या ७०१ व्या कलमानुसार मोघम शब्दांत दिलेल्या मुखत्यारीतून फक्त व्यवस्थापनाची कामं करता येतात: भाड्याने देणं, दुरुस्ती करणं, येणं वसूल करणं, अशी. विक्री, गहाण, देणगी, तडजोड यांसाठी ७०२ वं कलम खास अधिकार मागतं. त्याच कलमानुसार खास मुखत्यारी नमूद केलेल्या बाबींपुरतीच चालते. सोबत त्या बाबींचं स्वरूप आणि रूढी यांनुसार अपरिहार्यपणे येणाऱ्या गोष्टी तेवढ्या धरल्या जातात. म्हणजे तिथला वकील हा कागद शब्द मोजूनच वाचणार. इंग्रजीत तुम्ही एक क्रियापद जास्त घातलंत, तर बहिणीने न दिलेला अधिकार भावाला दिलात. एक गाळलंत, तर दिलेला काढून घेतलात.

आता एकेक शब्द घेऊ.

‘बैअ’ म्हणजे विक्री. इंग्रजी दस्तांत ‘सेल, कन्व्हे, ट्रान्स्फर, असाइन अँड डिस्पोज ऑफ’ अशी लांबलचक माळ लावायची प्रथा आहे, आणि ती वाचून वाचून आपलाही हात तसाच चालतो. मूळ शब्द एक आहे, म्हणून ‘सेल’ एवढंच. विशेषतः ‘डिस्पोज ऑफ’ टाळा. त्यासाठी अरबीत ‘तसर्रुफ’ हा वेगळा शब्द आहे, आणि त्यात देणगीपासून गहाणापर्यंत बरंच काही बसतं. काही कागदांत ‘तसर्रुफ बिल-बैअ’ असतं, म्हणजे विक्रीच्या मार्गाने विल्हेवाट. तिथे ‘डिस्पोज ऑफ बाय वे ऑफ सेल’ लिहा. शेवटचे चार शब्द गळले की अर्थ कितीतरी पसरतो.

‘लिन-नफ्स अव लिल-गैर’. या तीन शब्दांवर मी सगळ्यात जास्त वेळ थांबते, त्याला कारण आहे. कामाला लागले त्या पहिल्या वर्षी अशाच एका कागदात मी ‘टू एनी थर्ड पार्टी’ असं लिहिलं. वाक्य गुळगुळीत झालं. ‘नफ्स’, म्हणजे स्वतः, तेवढा राहून गेला. त्या व्यवहारात प्रतिनिधी स्वतःच हिस्सा विकत घेणार होता. समोरच्या वकिलाने इंग्रजी वाचलं आणि त्याला स्वतःला विकण्याचा अधिकारच नाही म्हणून व्यवहार थांबवला. मूळ कागदाशी ताडून पाहिल्यावर चूक माझी निघाली. दुरुस्त प्रत त्याच दिवशी पाठवली, पण त्या कुटुंबाचे तीन आठवडे गेले होते.

संहितेचं १०८ वं कलम प्रतिनिधीला मालकाच्या नावाने स्वतःशीच करार करू देत नाही, मालकाने परवानगी दिली असेल तरच तो चालतो. ४७९ वं कलम प्रतिनिधीने ती मालमत्ता स्वतः विकत घेण्याबद्दल असाच अडसर घालतं. ‘लिन-नफ्स’ हीच ती परवानगी. म्हणून ‘टू हिमसेल्फ ऑर टू अदर्स’. मूळात फक्त ‘लिल-गैर’ असेल तर ‘टू अदर्स’, आणि तिथे ‘हिमसेल्फ’ला जागा नाही. ‘टू एनी पर्सन’ कधीच नको. त्यात स्वतः धरायचा की नाही, हा वाद तुम्ही नव्याने जन्माला घालता.

‘बिथ-थमन अल्लधी यराहु’, म्हणजे त्याला योग्य वाटेल त्या किमतीला. ‘अ‍ॅट द प्राइस द एजंट सीज फिट’. ‘रीझनेबल’ नको, ‘मार्केट’ नको. आणि इथे एक सूक्ष्म सापळा आहे. बऱ्याच कागदांत ‘बिथ-थमन वश-शुरूत’ असतं, म्हणजे किंमत आणि अटी. बहिणीच्या कागदात अटी नाहीत, फक्त किंमत आहे. इंग्रजीत ‘प्राइस अँड टर्म्स’ ही जोडी इतकी सवयीची आहे की ती आपोआप उमटते. उमटली, की हप्त्याने पैसे घेण्याची मुभा बहिणीने दिली असं वाचलं जाईल.

‘कब्द अथ-थमन’ म्हणजे ‘टू रिसीव्ह द प्राइस’. लंडनच्या कुटुंबासाठी सगळ्या कागदातला हा कळीचा अधिकार आहे, कारण पैसे भावाच्या खात्यात पाठवायचे की बहिणीच्या, हे यावर ठरणार. आपल्या कागदात तो आहे. नसता, तर विक्रीच्या अधिकारात पैसे घेणं धरायचं का, हा प्रश्न इजिप्तच्या वकिलाचा. तुम्ही तो इंग्रजीत सोडवायचा नाही. आणि ‘कब्जा’ डोक्यात वाजत असल्यामुळे ‘टेक पझेशन’ असं लिहिणारे मराठी, हिंदी, उर्दू भाषांतरकार मी पाहिले आहेत. त्या एका चुकीने पैसे घेण्याचा अधिकार नाहीसा होतो आणि त्याच्या जागी भलताच उगवतो.

‘अल-अक्दैन अल-इब्तिदाई वन-निहाई’. दोन करार, प्राथमिक आणि अंतिम. महाराष्ट्रातल्या माणसाला लगेच साठेखत आणि खरेदीखत आठवतं आणि तो ‘अ‍ॅग्रीमेंट टू सेल’ आणि ‘सेल डीड’ असं लिहितो. साम्य वरवरचं आहे. इजिप्तचा ‘इब्तिदाई’ करार म्हणजे पुढे विकण्याचं वचन नव्हे. तो विक्रीचाच करार असतो, फक्त नोंदणी न झालेला. मालकी मात्र १९४६ च्या ११४ क्रमांकाच्या कायद्यानुसार नोंदणी झाल्यावरच जाते. म्हणून ‘प्रिलिमिनरी कॉन्ट्रॅक्ट ऑफ सेल’ आणि ‘फायनल कॉन्ट्रॅक्ट ऑफ सेल’. आपल्याकडचे दस्त त्यावर लादू नका.

याच वाक्यात ‘अमाम’, म्हणजे समोर, हा शब्द आहे. नोंदणी खात्यासमोर सही करायची ती दोन्ही करारांवर, की फक्त अंतिम करारावर? मूळ वाक्य हे उघड सांगत नाही. व्यवहारात प्राथमिक करार खात्यासमोर होत नाही, हे तुम्हाला माहीत असलं तरी शब्दांची जागा बदलून अर्थ पक्का करू नका. मूळ जितकं मोघम, तितकंच इंग्रजी मोघम राहू द्या: ‘टू साइन द प्रिलिमिनरी अँड फायनल कॉन्ट्रॅक्ट्स ऑफ सेल बिफोर…’ आणि पुढे खात्याचं नाव.

‘तस्लीम’ म्हणजे ताबा देणं. एका अक्षराच्या फरकाने ‘तसल्लुम’ होतं, त्याचा अर्थ ताबा घेणं. खूप कागदांत दोन्ही जोडीने येतात, म्हणून डोळा सरावाने दोन्ही वाचतो. आपल्याकडे फक्त पहिला आहे, म्हणून फक्त ‘टू डिलिव्हर’.

‘व-लहु तवकील अल-गैर फी कुल्ल अव बअद मा धुकिर’. वर सांगितलेल्या सगळ्या किंवा काही बाबींत दुसऱ्याला प्रतिनिधी नेमण्याचा अधिकार. ‘लहु’ पुल्लिंगी आहे, म्हणजे तो भाऊ. बहीण-भाऊ आहेत म्हणून लिंगावरून प्रश्न सुटला. दोन भाऊ असते तर इंग्रजीतला ‘ही’ नक्की कोण, ते कळलं नसतं. म्हणून मी सर्वनामाऐवजी पहिल्यापासून ‘द प्रिन्सिपल’ आणि ‘द एजंट’ वापरते. ‘अटर्नी’ टाळते, कारण अमेरिकेतला वाचक त्याचा अर्थ कोर्टातला वकील असा घेतो. ‘लहु’साठी ‘मे’ लिहा, ‘शॅल’ नको. हा हक्क आहे, बंधन नाही.

सगळं जोडलं की आपलं वाक्य असं उभं राहतं: ‘आय हॅव अपॉइंटेड माय ब्रदर… (द एजंट) टू सेल माय अनडिव्हायडेड शेअर, अमाउंटिंग टू एट किरात्स आउट ऑफ ट्वेंटी-फोर किरात्स, इन फ्लॅट नंबर…, टू हिमसेल्फ ऑर टू अदर्स, अ‍ॅट द प्राइस द एजंट सीज फिट, टू रिसीव्ह द प्राइस, टू साइन द प्रिलिमिनरी अँड फायनल कॉन्ट्रॅक्ट्स ऑफ सेल बिफोर द रिअल इस्टेट पब्लिसिटी अँड नोटरायझेशन डिपार्टमेंट, अँड टू डिलिव्हर. द एजंट मे अपॉइंट अदर्स अ‍ॅज एजंट्स इन ऑल ऑर पार्ट ऑफ द अबव्ह.’

परत मोजा. सहा.

‘टू डिलिव्हर’ काय, ते इंग्रजी वाचकाला अर्धवट वाटेल. अरबीतही कर्म नाही. मी ते तसंच सोडते आणि टीप देते: मूळात ‘तस्लीम’ एवढंच आहे, संदर्भाने मालमत्तेचा ताबा. ‘टू डिलिव्हर द फ्लॅट’ असं लिहिलं असतं तर ८ किरातची मर्यादा पुन्हा पुसली गेली असती.

रद्द करण्याचं वाक्य

विक्रीच्या मुखत्यारपत्रांच्या शेवटी इजिप्तमध्ये एक वाक्य वारंवार दिसतं: ‘व-ला यजूझ इल्गाउहु इल्ला बि-हुदूर अत-तरफैन’. दोन्ही पक्ष हजर असल्याशिवाय हे रद्द करता येणार नाही. नवखे लोक इथे ‘धिस पॉवर ऑफ अटर्नी इज इर्रिव्होकेबल’ असं लिहितात. चूक आहे. मूळ वाक्य रद्द करायची पद्धत सांगतं, रद्द होणारच नाही असं म्हणत नाही. ‘इट मे नॉट बी कॅन्सल्ड एक्सेप्ट इन द प्रेझेन्स ऑफ बोथ पार्टीज’ एवढंच.

संहितेच्या ७१५ व्या कलमानुसार मालकाला मुखत्यारी केव्हाही संपवता येते, पण ती प्रतिनिधीच्या किंवा तिसऱ्या कुणाच्या हितासाठी दिली असेल, तर ज्याच्या हितासाठी दिली त्याच्या संमतीशिवाय नाही. म्हणून काही कागदांत ‘ली-सालिह अल-वकील’, प्रतिनिधीच्या हितासाठी, असे शब्द मुद्दाम घातलेले असतात. ते दिसले तर एकही शब्द सोडू नका. दिसले नाहीत तर घालू नका. आणि ७१४ व्या कलमानुसार मालक किंवा प्रतिनिधी मरण पावला की मुखत्यारी संपते. म्हणून दस्ताची तारीख आणि क्रमांक बिनचूक असणं महत्त्वाचं. लंडनच्या वकिलाला हा दस्त आजही चालू आहे का, हे त्यावरूनच विचारून घ्यावं लागणार.

शिक्के, समास आणि पाठची बाजू

कागदावर जे जे दिसतं, ते सगळं भाषांतरात आलं पाहिजे. गोल शिक्का असेल तर त्याचं वर्णन चौकटी कंसात: गोल शिक्का, मध्ये गरुड, कडेने अमुक मजकूर. सही असेल तर ‘सिग्नेचर’. वाचता येत नसेल तर ‘इल्लेजिबल’. अंदाजाने काही भरू नका. पाठची बाजू स्कॅनमध्ये आली आहे का, ते काम हाती घेतानाच विचारा. कधी समासात पेनने ‘उल्गिया’, म्हणजे रद्द केलं, असा एक शब्द आणि तारीख लिहिलेली असते. मग सगळ्या कागदात तोच एक शब्द सर्वांत महत्त्वाचा ठरतो.

शीर्षकात ‘महदर तवथीक’ आहे की ‘महदर तस्दीक’, तेही पाहा. पहिल्यात अधिकाऱ्याने सबंध दस्त प्रमाणित केलेला असतो, दुसऱ्यात फक्त सह्या त्याच व्यक्तींच्या आहेत एवढीच साक्ष असते. दोन्हींसाठी ‘नोटराइज्ड’ हा एकच शब्द वापरलात तर हा फरक हरवतो. मी पहिल्यासाठी ‘नोटरायझेशन’ आणि दुसऱ्यासाठी ‘अटेस्टेशन ऑफ सिग्नेचर्स’ वापरते.

कागद देताना

इंग्रजी कुठे जाणार आहे, ते आधीच विचारा. संयुक्त अरब अमिरातीत अधिकृत कामासाठी जाणार असेल, तर सहसा तिथल्या न्याय मंत्रालयाचा परवाना असलेल्या भाषांतरकाराची सही लागते, आणि तुमची चालणार नाही. ब्रिटनमध्ये शपथबद्ध भाषांतरकाराची वेगळी नोंदवही नाही. तिथे सहसा भाषांतरकाराचं लेखी निवेदन लागतं: हे मूळ दस्ताचं खरं आणि अचूक भाषांतर आहे, तारीख, पूर्ण नाव, संपर्क. निवेदनात मूळ दस्ताचा क्रमांक, अक्षर आणि वर्ष लिहा, म्हणजे ते दुसऱ्या कागदाला जोडता येणार नाही. इंग्रजीच्या प्रत्येक पानावर पानाचा क्रमांक आणि एकूण पानं घाला.

देण्याआधी एका माणसाला समोर बसवा. त्याला अरबी येत नसलं तरी चालेल. तुम्ही मूळ कागदावर बोट ठेवून एकेक आकडा आणि एकेक अधिकार मराठीत मोठ्याने सांगा, त्याने इंग्रजीत तो शोधून खूण करायची. माझ्याकडे हे काम माझी धाकटी बहीण करते. तिला अरबीतलं अक्षर कळत नाही, आणि म्हणूनच मी वाचलेलं समजून घेऊन ती पुढे सरकत नाही.

एक गोष्ट हमखास होईल, तिची तयारी ठेवा. भाऊ फोन करेल आणि म्हणेल, ‘मॅडम, खरेदीदार हप्त्याने पैसे देणार आहे. इंग्रजीत “टर्म्स” एवढा शब्द घाला ना, बहिणीची काही हरकत नाही.’ बहिणीची हरकत नसेलही. तरी तो शब्द तिच्या कागदात नाही. त्याला सांगा की बहिणीने आता आहे त्या देशातल्या इजिप्तच्या दूतावासात किंवा वाणिज्य दूतावासात जाऊन नवं मुखत्यारपत्र करावं, त्यात ‘थमन’पुढे ‘वश-शुरूत’ लिहून घ्यावं, आणि ते इजिप्तमध्ये वापरण्याआधी तिथल्या परराष्ट्र मंत्रालयाकडून साक्षांकित करून घ्यावं. तो कागद आला की तुम्ही त्याचं भाषांतर करा, आणि तेव्हा ‘टर्म्स’ लिहा.